साडीचा रंग बदलला, पण गळ्यावर राहिलेली जुन्या रंगाची झाक कशी काढायची

इंदूरच्या सीतलामाता बाजारातल्या साडीवाल्यांचं कॅटलॉगचं काम मी बरीच वर्षं करतेय. तिथे एका मॉडेलचं एका साडीत शूट होतं आणि बाकीचे पाच-सहा रंग फोटोशॉपमध्ये निघतात. राणी रंगाच्या महेश्वरीची गर्द हिरवी करायला पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यावर शिकवणारे व्हिडिओ पोत्याने आहेत. पण साडी हिरवी झाली की हनुवटीच्या खाली, गळ्याच्या बाजूला, दंडाच्या आतल्या अंगाला आणि खांद्यावर रुळणाऱ्या केसांत गुलाबी झाक तशीच राहते. ती कुठून आली, हे बघणाऱ्याला कळत नाही. त्याला एवढंच वाटतं, की बाईच्या गळ्यावर पुरळ आलंय.

साडीचा रंग बदलण्याबद्दल इथे काही सांगत नाही, तो तुम्हाला येतो असं धरते. मूळ फोटो रॉ असावा, फाइल 16 बिटमध्ये उघडावी आणि साडीचा मास्क नीट केलेला असावा. साडीचा रंग आधी बदलून घ्या, झाक नंतर काढायची.

झाक दिसण्यासाठी सगळ्या लेअरच्या वर एक `Hue/Saturation` लेअर ठेवा आणि `Saturation` +60 करा. ही फक्त बघण्यापुरती आहे, काम संपलं की काढून टाका. ती लावली की गुलाबी कुठे कुठे सांडलंय ते लगेच दिसतं. जो भाग कापडाकडे वळलेला आहे आणि जिथे मुख्य दिव्याचा उजेड पोचत नाही, तिथेच झाक गडद असते. कपाळावर किंवा गालाच्या वरच्या भागावरही कापडाचा थोडा उजेड पडतो, पण दिव्यापुढे तो टिकत नाही. तिथे हात लावायची गरज नाही.

आता अवघड टप्पा, म्हणजे त्वचा. हिच्यावर मी दोन वर्षं चुकत होते.

सगळीकडे सल्ला एकच मिळतो: नवा लेअर घ्या, त्याचा ब्लेंड मोड `Color` करा, गालावरून रंग उचला आणि झाकेवर फिरवा. कृपा करून हे करू नका. त्वचेला एकच रंग नसतो. गळ्याचा रंग गालापेक्षा पिवळसर असतो, कानाजवळ वेगळा, घडीत वेगळा. `Color` मोडमध्ये एक रंग फिरवला की ते सगळे फरक पुसले जातात आणि गळा लिंपल्यासारखा दिसतो. शिवाय या मोडमध्ये उजेड जिथल्या तिथे राहतो. झाक म्हणजे नुसता रंग नव्हे, साडीवरून उसळून आलेला जास्तीचा उजेडसुद्धा आहे. साडी गर्द हिरवी झाली तर तो उजेडही जायला हवा. तो राहिला की रंग बरोबर असूनही गळा खालून उजळलेला दिसतो आणि फोटो खोटा वाटतो. माझा पहिला कॅटलॉग असाच छापून आला. दुकानाच्या मालकीणबाईंनी पान उघडलं आणि म्हणाल्या, "अगं, हिच्या गळ्याला काय लावलंयस?"

दुसरा सल्ला `Hue/Saturation` मध्ये `Reds` किंवा `Magentas` उतरवण्याचा. लाल हा त्वचेचा स्वतःचाच रंग आहे. तो उतरवला की त्वचा राखेसारखी होते, आणि मास्क नसेल तर ओठ आणि कुंकूही फिकं पडतं.

झाक कशी तयार होते ते एकदा नीट समजलं की उपाय आपोआप सुचतो. राणी रंगाचं कापड लाल आणि निळा उजेड परत फेकतं, हिरवा जवळजवळ सगळा गिळून टाकतं. म्हणजे गळ्यावर जी भर पडली ती लाल आणि निळ्या चॅनलमध्ये पडली. हिरव्या चॅनलला साडीचा स्पर्श फारसा झालेला नाही, तो खरा राहिला. म्हणून हिरव्याला साक्षीदार धरायचं आणि लाल-निळे त्याच्या मापात खाली आणायचे. हिरवा वर ओढून तोल साधता येतो, पण तसं केलं तर जास्तीचा उजेड काढण्याऐवजी आपण त्यात आणखी भर घालतो.

एका फोटोवर आकडे घालून दाखवते. मोजताना वरची +60 वाली लेअर बंद ठेवा, नाहीतर तिचेच आकडे येतात. `Info` पॅनल उघडा आणि `Eyedropper` चा `Sample Size` 5 by 5 Average ठेवा. हे ठेवलं नाही तर कॅमेऱ्याच्या दाण्यामुळे आकडे उड्या मारतात. आधी स्वच्छ त्वचा मोजा, पण गालाच्या उजळ भागावर नाही. झाक सावलीत आहे, तर तुलनाही सावलीतल्याच त्वचेशी करा. मी कानाच्या पुढचा, कापडाकडे पाठ असलेला भाग घेते. या फोटोत तिथे R 120, G 82, B 64 आले. गव्हाळ असो की सावळी, साध्या उजेडात आपल्या त्वचेत क्रम हाच असतो: लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा. हनुवटीखाली सर्वांत गडद झाकेत आले R 124, G 70, B 80. निळा हिरव्याच्या वर गेला, हीच झाकेची खूण. ओठ सोडून त्वचेवर कुठेही निळा हिरव्याच्या वर दिसला, तर तिथे बाहेरचा रंग आहे.

आता साधं गणित. स्वच्छ त्वचेत हिरवा लालच्या 0.68 पट आहे आणि निळा 0.53 पट. हनुवटीखालचा खरा हिरवा 70. मग लाल हवा 70 भागिले 0.68, म्हणजे 103, आणि निळा त्याच्या 0.53 पट, म्हणजे 55. एक `Curves` लेअर घ्या, मोड `Normal` ठेवा. `Red` मध्ये एक बिंदू टाका: `Input` 124, `Output` 103. `Blue` मध्ये `Input` 80, `Output` 55. `Green` ला हात लावू नका. लेअरचा मास्क काळा करा.

मास्क रंगवताना घाई केली की सगळं वाया जातं. वरचे आकडे सर्वांत गडद ठिकाणचे आहेत, म्हणून मास्क फक्त तिथेच पूर्ण पांढरा हवा. कडा मऊ असलेला मोठा ब्रश घ्या, `Flow` 8 ते 10 टक्के ठेवा, आणि हनुवटीखालून जबड्याच्या कडेकडे जात जात कमी करत न्या. जबडा वळून दिव्याकडे तोंड करतो तिथे मास्क शून्यावर यायला हवा. मी आधी गळा सिलेक्ट करून एकसारखा पांढरा भरायची. त्यामुळे गळ्याच्या वरच्या भागात, जिथे झाक थोडीच होती, निळा नको तेवढा उतरायचा आणि त्वचा कावीळ झाल्यासारखी पिवळी पडायची. अशी पिवळी पट्टी दिसली तर कर्व्ह बदलू नका, तिथला मास्क उतरवा. दर थोड्या वेळाने वरची +60 वाली लेअर चालू-बंद करत राहा.

गळ्यात ठुशी असेल तर प्रत्येक मण्याच्या खालच्या अंगाला गुलाबी ठिपका असतो. त्यावरही हाच मास्क बारीक ब्रशने फिरवा, वेगळं काही लागत नाही.

साडी राणी रंगाची नसेल तर साक्षीदार बदलतो. पिवळी साडी लाल आणि हिरवा उजेड फेकते, तेव्हा निळा चॅनल खरा धरा. लाल साडी असेल तर फक्त लाल उतरतो. हिरवी असेल तर फक्त हिरवा. पांढऱ्या आणि मोतिया साड्या रंग फारसा देत नाहीत, पण उजेड भरपूर देतात. तिथून गर्द रंगाकडे जाताना तिन्ही चॅनल थोडे खाली आणावे लागतात.

यानंतर नव्या साडीची झाक द्यायची. ही पायरी बहुतेक जण सोडून देतात आणि मग माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. तोच मास्क असलेली दुसरी `Curves` लेअर घ्या आणि `Green` मध्ये 70 चे 73 करा, त्यापुढे जाऊ नका. गर्द हिरवं कापड मुळातच कमी उजेड फेकतं, आणि हिरवी झाक त्वचेवर जरा जास्त झाली की माणूस आजारी दिसतो. +60 वाली लेअर लावल्यावर किंचित शेवाळी छटा दिसावी आणि काढल्यावर कळूही नये, एवढं पुरे. उलट दिशेने, म्हणजे गर्द साडीची फिकट पोपटी किंवा लिंबू रंगाची करत असाल, तर हा हात मोकळा ठेवावा लागतो, आणि गळ्याचा उजेडही वाढवावा लागतो.

केसांचं काम सोपं आहे, कारण काळ्या केसांना स्वतःचा रंग जवळपास नसतो. त्यांच्या चमकेत दिसणारा गुलाबी रंग जवळजवळ सगळा साडीचाच असतो. म्हणून साडीला जो रंगबदल दिला, त्याच लेअरची कॉपी केसांच्या खालच्या बटांवर मऊ मास्कने लावा. गुलाबी चमक हिरवी होते. मग `Opacity` निम्म्याच्या आसपास आणा. त्वचेवर हे चालत नाही, तिथे त्वचेचा स्वतःचा रंगही सोबत फिरतो आणि गळा हिरवा होतो. मेंदी लावलेल्या केसांनाही चालत नाही, त्यांना त्वचेसारखंच मोजून उतरवावं लागतं. आणि केसांची चमक `Saturation` -100 करून मारू नका, बटा पिकल्यासारख्या दिसतात.

साडीवर पसरलेल्या सुट्या केसांच्या कडेला गुलाबी रेघ उरली असेल तर ती झाक नव्हे. तिथे एकाच पिक्सेलमध्ये केस आणि कापड दोन्ही मिसळलेले असतात. साडीचा मास्क केसांवर दहा-पंधरा पिक्सेल आत जाऊ द्या. काळ्यावर रंगबदलाचा फारसा परिणाम होत नाही आणि रेघ निघून जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर हे सगळं करायला बसू नका. तिथे दाबलेल्या जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे साडीचा गुलाबी काठावरून एक-दोन पिक्सेल त्वचेत पसरलेला असतो. ती किनार कर्व्हने जात नाही, कारण त्या पिक्सेलमध्ये त्वचेचा खरा रंग उरलेलाच नसतो, आणि हिरव्या चॅनलचीही साक्ष तिथे धरता येत नाही. मूळ फाइल मागवा. मिळत नसेल तर मूळ साडीच्या जवळचाच रंग निवडायला सांगा, म्हणजे राणीची वाइन किंवा जांभळी. त्यात ती किनार खपून जाते.