थीसिसच्या रेंडरसाठी रात्रभर वर्कस्टेशन हवं आहे? विभागप्रमुखांना अर्ज असा लिहा

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षात ज्युरी महिन्यावर आली, की विभागप्रमुखांच्या टेबलावर एकाच मजकुराचे अर्ज जमू लागतात: ‘थीसिसच्या कामासाठी लॅब रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावी, ही विनंती.’ यातले बरेच अर्ज नामंजूर होतात, आणि त्याला कारणही तसंच असतं. लॅब उघडी ठेवायची म्हणजे लॅब असिस्टंटला थांबवावं लागतं, वॉचमनला कळवावं लागतं, प्राचार्यांची सही घ्यावी लागते. शिवाय मुंबईत रात्री एकच्या सुमारास लोकल बंद होते ती पहाटे चारच्या आसपास सुरू होते. मधल्या वेळात विद्यार्थी घरी कसा जाणार, ही जबाबदारी कुठलाही विभागप्रमुख सहज अंगावर घेणार नाही.

पण रेंडरला तुम्ही तिथे बसायची गरजच नसते. मॉडेलिंग करताना माणूस लागतो. रेंडर एकदा लावला की फक्त मशीन चालू राहायला हवं. म्हणून अर्जात लॅब उघडी ठेवायला सांगू नका. लॅबला नेहमीच्या वेळी कुलूप लागू द्या, आत ठरलेली मशीनं चालू ठेवायची परवानगी तेवढी मागा. ही मागणी मान्य करणं विभागप्रमुखांना कितीतरी सोपं जातं. मात्र त्यासाठी किती मशीनं आणि किती तास हे नेमकं सांगता आलं पाहिजे. अर्जाआधीचं खरं काम तेच आहे.

तास कसे काढायचे

एक उदाहरण घेऊ. विषय आहे ससून डॉकवरच्या मासळी बाजाराची पुनर्रचना. विद्यार्थिनीला सहा स्थिर दृश्यं हवी आहेत, तीन बाहेरची आणि तीन छपराखालची. शिवाय ४० सेकंदांचा वॉकथ्रू. ती ब्लेंडरमध्ये काम करते.

आधी चित्राचा आकार ठरवा, कारण वेळ सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. ए-१ शीटच्या अर्ध्या भागात, म्हणजे ए-२ आकारात, एक दृश्य बसवायचं आहे. सवयीने सगळे ३०० डीपीआय घेतात. तेव्हा चित्र ७०१६ × ४९६१ पिक्सेलचं होतं. १५० डीपीआय घेतलं तर तेच ३५०८ × २४८० चं होतं, म्हणजे एकूण पिक्सेल एक चतुर्थांश आणि वेळही साधारण त्याच प्रमाणात कमी. ज्युरी भिंतीवरची शीट हातभर अंतरावरून बघते, तिथे हा फरक जाणवत नाही. बारीक रेषा आणि अक्षरं रेंडरमध्ये नसतातच, ती शीट रचताना वरून येतात. तेव्हा १५० पुरे.

आता ज्या मशीनवर काम होणार आहे, त्याच मशीनवर चाचणी घ्या. घरच्या लॅपटॉपवरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. दोन्ही बाजू एक चतुर्थांश करून ८७७ × ६२० वर रेंडर करा. बाकी काही बदलू नका, सॅम्पलही तेवढेच ठेवा. पिक्सेल सोळापट कमी झालेले असतात, म्हणून लागलेल्या वेळेला १६ ने गुणा. आपल्या उदाहरणात बाहेरच्या दृश्याला ५ मिनिटं लागली, म्हणजे पूर्ण आकाराला ८०. छपराखालच्या दृश्याला ९ लागली, म्हणजे १४४. हा फरक अपेक्षितच आहे: आत येणारा उजेड भिंतींवरून, ओल्या फरशीवरून, बर्फावरून अनेकदा परावर्तित होत पोचतो, आणि त्यामुळे चित्रात दिसणारा दाणा निवळायला जास्त वेळ लागतो. म्हणून एकाच दृश्याची चाचणी घेऊन सगळ्यांचा हिशोब करू नका. सहा दृश्यांची बेरीज ६७२ मिनिटं, म्हणजे ११ तासांहून थोडी जास्त.

वॉकथ्रूचा आकडा मात्र दचकवणारा असतो. ४० सेकंद गुणिले सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १००० फ्रेम. १९२० × १०८० वर एका फ्रेमला सरासरी ३ मिनिटं धरली तर ५० तास होतात. ही सरासरी काढताना सुरुवातीची, मधली आणि शेवटची, अशा किमान पाच-सहा फ्रेम घ्या.

एकूण ६१ तास. बिघाडासाठी पाव भाग वाढवा, ७६ तास झाले. लॅब सकाळी साडेआठला उघडून संध्याकाळी साडेसहाला बंद होत असेल तर एका रात्रीत एका मशीनचे १४ तास मिळतात. दोन मशीनं आणि तीन रात्री मिळून ८४ तास. मागणी इथे ठरली.

विभागप्रमुख काय विचारतील

पहिला प्रश्न बहुधा विजेचा. रेंडर करताना एक वर्कस्टेशन साधारण अर्धा किलोवॅट घेतं असं धरलं, तर ८४ मशीन-तासांचे ४२ युनिट होतात. आकडा लहान आहे, म्हणून तो स्वतःहून लिहा.

दुसरा प्रश्न गरमीचा, आणि तो खरा आहे. एप्रिलमध्ये मुंबईत बंद खोलीत, एसी नसताना, दोन मशीनं रात्रभर पूर्ण ताकदीने चालली की खोली तापते. ग्राफिक्स कार्ड ८०-८५ अंशांच्या आसपास गेलं की बरीच कार्डं आपला वेग आपोआप उतरवतात. रेंडर बंद पडत नाही, नुसता रेंगाळतो, म्हणून लक्षात येत नाही. ओळखायचं असेल तर पहिल्या तासातल्या फ्रेमचा वेळ आणि तिसऱ्या तासातल्या फ्रेमचा वेळ ताडून पाहा. तीन मिनिटांची फ्रेम चार मिनिटांवर गेली असेल तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. शेजारशेजारची मशीनं मागू नका, खोलीच्या दोन टोकांची मागा.

तिसरा प्रश्न: रात्री वीज गेली किंवा मशीन अडकलं तर? लॅबचा यूपीएस काही मिनिटंच टिकतो. म्हणून वॉकथ्रू थेट व्हिडिओ फाइलमध्ये कधीही काढू नका. सातशेव्या फ्रेमला वीज गेली तर अर्धवट व्हिडिओ बहुतेक वेळा उघडतच नाही. प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी चित्र काढा. ब्लेंडरमध्ये आउटपुटचा मार्ग `//frames/` असा ठेवा, `Overwrite` ची खूण काढा आणि पहिल्या मशीनवर ही आज्ञा द्या:

```
blender -b bandar.blend -s 1 -e 500 -a
```

दुसऱ्या मशीनवर ५०१ ते १००० द्या. `-a` शेवटीच हवा; आधी लिहिला तर फ्रेमची मर्यादा लागू होण्याआधीच रेंडर सुरू होतो. मध्येच थांबलं तर हीच आज्ञा पुन्हा दिली की झालेल्या फ्रेम वगळून काम पुढे सरकतं. त्याआधी फोल्डरमधली शेवटची फाइल उघडून पाहा; अर्धवट असेल तर पुसून टाका, नाहीतर तीही ‘झालेली’ धरली जाईल.

फाइल लॅबमध्ये नेण्याआधी `File > External Data > Pack Resources` करा. नाहीतर टेक्श्चरचे पत्ते तुमच्या लॅपटॉपचेच राहतात आणि सकाळी फरशी, भिंती सगळं भडक गुलाबी दिसतं. दोन्हीकडची आवृत्तीही एकच असू द्या. आणि लॅब असिस्टंटना भेटून मशीनची स्लीप सेटिंग व विंडोज अपडेटची वेळ विचारून घ्या. रात्री दोनला अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट होणं, हे रात्रभराचं काम बुडण्याचं नेहमीचं कारण आहे.

अर्ज

एका पानात बसवा. ज्युरीच्या किमान महिनाभर आधी द्या, कारण मधे प्रिंटिंगही आहे. खालच्या उदाहरणात ज्युरी ४ मेला आहे आणि १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून प्रिंट २९ एप्रिललाच द्यायची आहे.

> दिनांक: ३ एप्रिल २०२६
>
> प्रति,
> मा. विभागप्रमुख,
> वास्तुकला विभाग
>
> विषय: थीसिसच्या रेंडरसाठी तीन रात्री दोन वर्कस्टेशन चालू ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> महोदया,
>
> मी पाचव्या वर्षाची विद्यार्थिनी (नाव, हजेरी क्रमांक). माझ्या थीसिसचा विषय ‘ससून डॉक मासळी बाजाराची पुनर्रचना’ हा असून मार्गदर्शक प्रा. (नाव) आहेत. ज्युरी ४ मे रोजी आहे.
>
> सहा दृश्ये व ४० सेकंदांचा वॉकथ्रू यांस लॅबमधील मशीनवर घेतलेल्या चाचणीनुसार ६१ तास लागतात. बिघाडाची तरतूद धरून ७६ तास हवे आहेत. तरी २०, २१ व २२ एप्रिल रोजी सायंकाळी ६.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंत मशीन क्र. ४ व १७ चालू ठेवण्याची परवानगी मिळावी. काही कारणाने काम अपुरे राहिल्यास २३ एप्रिलची रात्र राखीव मिळावी.
>
> या काळात लॅब नेहमीप्रमाणे कुलूपबंद राहील. मी किंवा अन्य कोणी रात्री आत थांबणार नाही. रेंडर ६.१५ पर्यंत सुरू करून मी निघेन व सकाळी ८.३० ला फाइल उतरवून मशीन वर्गासाठी मोकळे करीन. अंदाजे वीजवापर ४२ युनिट आहे. दोन्ही मशीनवर सूचना-चिठ्ठी लावीन.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (सही, नाव, फोन)
>
> सोबत: चाचणी रेंडरच्या वेळांचा तक्ता, मार्गदर्शकांची शिफारस
> प्रत: लॅब प्रभारी, सुरक्षा विभाग

चाचणीचा तक्ता जोडायला विसरू नका. चार ओळींचा असला तरी चालेल. त्यामुळे ‘७६’ हा आकडा कुठून आला ते विचारावं लागत नाही. मार्गदर्शकांची सही अर्ज देण्याआधी घ्या, नाहीतर तो आधी त्यांच्याकडेच परत पाठवला जाईल. सुरक्षेची प्रतही हवीच: रात्री लॅबमधले पंखे-दिवे चालू दिसले की वॉचमन मेन स्विच बंद करतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं. चिठ्ठी मॉनिटरवर नको. मॉनिटर बंद असतो, म्हणून मशीनही बंदच आहे असं वाटून कोणी बटण दाबतं. चिठ्ठी सीपीयूच्या पॉवर बटणावरच चिकटवा: ‘रेंडर चालू आहे. बंद करू नये’, तारीख, फोन.

वर्गातल्या आणखी पाच-सहा जणांनाही मशीनं लागणार असतील तर वेगवेगळे अर्ज देऊ नका. सगळ्यांच्या चाचण्या घ्या, तास एका तक्त्यात मांडा, रात्री वाटून घ्या आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या. वाटणी आधीच झालेली असली की विभागप्रमुखांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

आणि तीनऐवजी दोनच रात्री मिळाल्या, म्हणजे ५६ तास, तर आधी सहाही स्थिर दृश्यं काढा. उरलेल्या ४५ तासांत ९०० फ्रेम होतात, म्हणजे ३६ सेकंद. वॉकथ्रूचा शेवट चार सेकंदांनी आधीच कापून ठेवा, म्हणजे चालता-चालता मध्येच तुटणार नाही. पण यात बिघाडासाठी काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून ३० सेकंदांवर थांबलात तर जास्त बरं.