दोन नोव्हेंबरला कबरीवर जाताना

वसईकडे मृतांच्या स्मरणदिनाला, म्हणजे २ नोव्हेंबरला, कबरस्थानात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून घासपूस त्या दिवसावर ठेवू नये. ती आधीच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर उरकावी. पावसाळ्यात कबरीभोवती गवत माजलेलं असतं, त्यासाठी कोयता आणि खराटा घरूनच न्यावा. पाण्याचा कॅन भरून नेलेला बरा, नळावर रांग असते.

कबर संगमरवराची असेल तर शेवाळ काढायला फक्त पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश वापरायचा. ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यातलं काहीही लावायचं नाही. त्या दिवशी दगड पांढराशुभ्र दिसतो, पण वरचा थर खाल्ला जातो, झिलई जाते आणि पुढच्या पावसात त्याच खरखरीत जागी शेवाळ आणखी घट्ट बसतं. बोटांनी चाचपलं तरी कळतं. नावाची अक्षरं फिकी झाली असतील तर दगड पुरता वाळल्यावर बारीक ब्रशने काळा ऑइलपेंट भरावा. अक्षराबाहेर गेलेला रंग ओला असतानाच पुसावा. काकांची कबर अजून कच्ची असेल तर नवी माती टाकून दाबायची, लाकडी क्रूस हलतो का पाहायचं. त्या मातीवर झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस छान उठतो.

घरातल्या मृतांची नावं कागदावर लिहून चर्चमध्ये मिस्सासाठी आधीच द्यावीत. लिहायला म्हाताऱ्या आत्येला बसवावं, नाहीतर लहानपणी गेलेली भावंडं हमखास सुटतात.

मेणबत्त्या उंच, बारीक घेऊ नयेत. संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात ज्योत एका अंगाला झुकते, त्या बाजूचं मेण ओघळतं आणि मेणबत्ती अर्ध्यात कलंडते. बुटक्या, जाड घ्याव्यात आणि पसरट डब्यात दोन बोटं वाळू घालून त्यात रोवाव्यात. डब्याचा काठ ज्योतीच्या वर यायला हवा. मेणही दगडावर सांडत नाही. प्लॅस्टिकचे हार मात्र लांबच ठेवा, आग लागायला तेवढं पुरतं. काडेपेट्या दोन न्याव्यात, एक कुणीतरी मागून नेतंच.

प्रार्थनेला रोझरी आणि तीर्थाची छोटी बाटली एवढं पुरे. फादर आशीर्वाद देत प्रत्येक कबरीपाशी पोचेपर्यंत उशीर होतो, तोवर घरच्यांनीच ‘हे आमच्या बापा’, ‘नमो मरिया’ सुरू करावं. पुढची ओळ मुलांना म्हणू द्यावी, भले अडखळोत.

दगडावर मेण सांडलंच तर गरम पाणी ओतू नका, ते पातळ होऊन आत मुरतं. सकाळी घट्ट झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडा. परगावचे भाऊ त्या दिवशी येऊ शकले नाहीत तरी बिघडत नाही. कबरस्थानाला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यावर मिळणाऱ्या पूर्ण दंडमाफीची मुदत १ ते ८ नोव्हेंबर असते, पापनिवेदन आणि कम्युनियनची अट अर्थात पाळावी लागते. त्यांच्यासाठी डबा आणि वाळू घरी ठेवून द्या.