सणाचं जेवण गरमागरम, सगळं एकाच वेळी: वेळापत्रक शेवटाकडून मांडायचं

सणाच्या दिवशी सहा पदार्थ करायचे असले की बहुतेक जण सकाळी उठून सगळ्यात अवघड पदार्थ आधी हाताशी घेतात. तो साडेदहाला तयार होतो आणि एक वाजेपर्यंत गार होऊन बसतो. माझ्याकडेही अनेक वर्षं असंच चालायचं. तळण सर्वांत किचकट वाटायचं, म्हणून ते आधी उरकायचे आणि ताटात मऊ पडलेले काप वाढायचे. हळूहळू कळलं की पदार्थ शिजायला किती वेळ लागतो यावर त्याचा क्रम लावायचा नसतो. शिजल्यावर तो किती वेळ चांगला थांबतो, यावर लावायचा.

हे एका ठरावीक जेवणावर करून पाहू. आठ माणसं, जेवायला बसायची वेळ दुपारी १. शेगडीला तीन बर्नर, एक मोठा आणि दोन लहान. स्वयंपाक करणारी एक व्यक्ती आणि शेवटच्या अर्ध्या तासात हाताशी आणखी एक जण. पदार्थ असे: काबुली चण्यांचा घट्ट रस्सा, तांदळाची खीर, टोमॅटोचं सूप, भात, परतलेली फरसबी आणि बटाट्याचे तळलेले काप. खीरही गरमच वाढायची आहे.

आधी प्रत्येक पदार्थ किती थांबतो ते लिहा

कागद घ्या आणि पदार्थांपुढे शिजायचा वेळ लिहिण्याआधी थांबायचा वेळ लिहा.

रस्सा आणि सूप तासभर सहज थांबतात, पुन्हा उकळले तरी बिघडत नाहीत. रस्सा तर थांबल्यावर जास्त मुरतो. खीर थांबते, पण थांबता थांबता घट्ट होत जाते, कारण तांदळातला स्टार्च दूध ओढून घेत राहतो. वरून सायही धरते. भात झाकण न उघडता, पातेल्याभोवती जाड टॉवेल गुंडाळून ठेवला तर अर्धा तास छान गरम राहतो, शिवाय त्याला वाफेत दहा मिनिटं मुरायची गरज असतेच. फरसबी दहा मिनिटं थांबते. त्याहून जास्त वेळ गरम भांड्यात झाकून राहिली की तिचा हिरवा रंग मळकट होतो. तळलेले काप फार तर पाच मिनिटं, कारण आतल्या बटाट्याची वाफ बाहेर येत राहते आणि तीच वरचं कुरकुरीत कवच ओलं करते. झाकण ठेवलं तर आणखी लवकर.

एवढं लिहिलं की क्रम आपोआप समोर येतो. जास्त थांबणारे आधी, न थांबणारे अगदी शेवटी.

मग पाच मिनिटांच्या पदार्थाचं काम दोन भागांत तोडा

थोडा वेळच थांबणारे दोन पदार्थ एकदम शेवटी आले तर शेवटची वीस मिनिटं धावपळीची होतात. म्हणून त्यांचं जास्तीत जास्त काम आधी उरकून ठेवायचं आणि शेवटी फक्त शेवटचा हात फिरवायचा.

काप दोनदा तळा. साधारण बोटाएवढे जाड काप धुऊन, कापडावर पूर्ण कोरडे करून, मध्यम तापलेल्या तेलात, म्हणजे १५० ते १६० अंश सेल्सिअसला, पाच-सहा मिनिटं तळा. आतून शिजले पाहिजेत, पण रंग यायला नको. थर्मामीटर नसेल तर एक काप टाकून बघा: बुडबुडे सावकाश, शांतपणे येत असतील तर तेल बरोबर आहे. हे काप जाळीवर पसरून ठेवले की बराच वेळ निवांत राहतात. जेवणाआधी तेल १८० अंशांपर्यंत कडकडीत तापवून दीड-दोन मिनिटांत त्यांना सोनेरी रंग आणायचा. या तापमानाला टाकलेला काप लगेच जोरात फसफसतो. एकाच वेळी जास्त काप ओतू नका. तेल एकदम थंड होतं, काप तेल पितात आणि कवच धरतच नाही.

फरसबीचंही तसंच. उकळत्या खारट पाण्यात तीन मिनिटं, लगेच थंड पाण्यात, मग निथळून ठेवायची. शेवटी गरम कढईत पाच-सहा मिनिटं परतली की झालं.

भांडं मोठं झालं की वेळ कुठे वाढतो

चार माणसांचा अंदाज घेऊन आठ जणांचं जेवण करताना वेळ चुकतो तो इथेच. सावकाश शिजायला लागणारा वेळ प्रमाण दुप्पट केलं तरी जवळपास तेवढाच राहतो. पण उकळी येण्याचा वेळ दुपटीच्या जवळ जातो. मध्यम बर्नरवर दोन लिटर पाण्याला उकळी यायला साधारण दहा मिनिटं लागतात, चार लिटरला वीस. भात पंधरा मिनिटांत होतो असं आपण म्हणतो, ते उकळी आल्यानंतरचं. तळणाचं गणित आणखी वेगळं: कापांची संख्या दुप्पट म्हणजे घाणे दुप्पट, आणि दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापायला वेळ. तुमच्या शेगडीवर दोन लिटर पाणी एकदा घड्याळ लावून उकळून पाहिलंत तर पुढचे सगळे आकडे विश्वासाने मांडता येतील.

आता एक वाजल्यापासून मागे या

आदल्या रात्री ५०० ग्रॅम चणे भिजत घाला. बटाटे सोलून, कापून पाण्यात ठेवता येतात. फरसबी निवडून ठेवा.

९:३० मोठ्या बर्नरवर चणे कुकरमध्ये. वाफ जिरेपर्यंत चाळीस ते पन्नास मिनिटं धरा. तोवर लहान बर्नरवर कांदा-टोमॅटो परता.

१०:३० चणे आणि परतलेला मसाला एकत्र, वीस-पंचवीस मिनिटं मंद आच. ११ ला बंद, झाकण घट्ट.

११:०० एका लहान बर्नरवर खीर, दोन लिटर दूध, सुमारे पन्नास मिनिटं. दुसऱ्या लहान बर्नरवर सूप, ३५ मिनिटांत शिजवून, थोडं निवल्यावर घुसळून तयार. मोठ्यावर कापांचं पहिलं तळण, चार घाणे.

११:३५ मोठ्यावरच फरसबीचं पाणी, मग फरसबी.

११:५० खीर तयार. मोठ्या बर्नरवर एका रुंद भांड्यात पाणी तापवा आणि ते ओट्यावर ठेवून त्यात खिरीचं पातेलं बसवा. पाणी पातेल्याच्या निम्म्या उंचीपर्यंत हवं. आता खिरीला बर्नर लागत नाही. एक कप गरम दूध बाजूला राहू द्या, वाढण्याआधी घालून खीर सैल करायला.

१२:०५ लहान बर्नरवर ७०० ग्रॅम तांदळाचा भात. १२:३० ला बंद, टॉवेल गुंडाळा, झाकण उघडू नका.

१२:१५ मोठ्या बर्नरवर रस्सा पुन्हा तापायला, अर्धा कप गरम पाणी घालून. तळाला लागू नये म्हणून मध्यम आचेवरच. कडेला बुडबुडे आले म्हणजे तो गरम झाला असं समजू नका. घट्ट रश्शाचं मधलं बराच वेळ कोमट राहतं. तळापासून ढवळून मधोमधही उकळी दिसली की बंद करून झाका.

१२:४० इथून खरी कसोटी. मोठ्या बर्नरवर तेल, एका लहानवर सूप, दुसऱ्यावर फरसबी परतायला.

१२:५० कापांचं दुसरं तळण, तीन-चार घाणे. १२:५८ पर्यंत शेवटचा घाणा.

पहिल्यांदा मी हा कागद मांडला तेव्हा फरसबी १२:५० ला ठेवली होती. बर्नर मोकळा होता, म्हणून कागदावर सगळं बरोबर दिसत होतं. पण त्याच वेळी माझे दोन्ही हात कढईवर होते, आणि फरसबी एका बाजूने जळाली. तेव्हापासून मी बर्नरच्या रकान्याशेजारी हातांचा रकाना करते. ज्या कामाला डोळे आणि झारा सतत लागतात, तशी दोन कामं एका वेळेवर येता कामा नयेत. फरसबी तेल तापायच्या दहा मिनिटांत परतून होते आणि झाकण अर्धवट ठेवून काप होईपर्यंत थांबते. सूप आपलं आपण उकळतं, त्याकडे अधूनमधून बघणं मदतनीस करू शकतो.

त्याच मदतनीसाला आणखी एक काम द्या: १२:५० ला वाढायची भांडी कढत पाण्यात पाच मिनिटं ठेवून पुसून घेणं. थंड चिनी मातीच्या वाडग्यात ओतलेलं सूप पहिल्या मिनिटातच बरीच उष्णता भांड्याला देऊन टाकतं. एवढं नेमकं वेळापत्रक मांडून ती उष्णता अशी घालवू नये.

पाहुणे उशिरा आले तर

कागदावर १२:४० च्या वर एक जाड रेघ ओढा. त्याआधीचं सगळं थांबू शकतं, त्यानंतरचं नाही. म्हणून रेघेपर्यंत घड्याळ बघायचं आणि रेघ ओलांडायला माणसं बघायची. सगळे आले, हात धुतायत असं दिसलं की मगच तेल तापवायला ठेवा. तिथून बरोबर वीस मिनिटांत ताटं वाढली जातात.

वीस-पंचवीस मिनिटांचा उशीर असेल तर भात टॉवेलमध्ये तसाच राहू द्या, रस्सा मध्ये एकदा उकळा, खिरीखालचं पाणी बदला. उशीर तासाच्या पुढे जाणार असेल तर मात्र भात कोमट सोडू नका. शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू तांदळात असतात, ते कोमट भातात वाढायला लागतात. भाताचं पातेलंही खिरीसारखं गरम पाण्यात बसवा आणि त्या पाण्याखाली अगदी बारीक आच ठेवा, म्हणजे भात ६० अंशांच्या वर राहील. झाकण उचलल्यावर भसकन वाफ आली नाही आणि भाताचा मधला भाग बोटाला सहन होण्याइतका असेल, तर तो त्या खाली गेलाय. आच थोडी वाढवा. रस्सा आणि सूपही असंच दोन तासांहून जास्त वेळ आचेविना ठेवू नका.

उशीर कितीही असो, कापांना हात लावायचा नाही. ते जाळीवर, उघडे, अर्धवट तळलेले, तुमची वाट बघत राहतील.