डायरेक्टरचा एमबीपी-१: कधी द्यायचा, कधी परत द्यायचा आणि कुठे तो पुरत नाही

भोसरी, चाकण, पिरंगुटकडच्या घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांमध्ये एक पद्धत पक्की बसलेली दिसते, मार्च आला की अकाउंटंट सगळ्या डायरेक्टरांच्या सह्या घेऊन एमबीपी-१, म्हणजे दुसऱ्या कंपन्या-फर्ममधला आपला संबंध किंवा इंटरेस्ट कंपनीला कळवायचा फॉर्म, फाइलला लावून टाकतो आणि वर्षभर कोणी त्याकडे बघत नाही. ही सवय जुन्या १९५६ च्या कंपनी कायद्यातली. तेव्हा कलम २९९ खाली जनरल नोटीस द्यायची, ती आर्थिक वर्ष संपलं की संपायची, म्हणून शेवटच्या महिन्यात, म्हणजे मार्चमध्ये, पुढच्या वर्षासाठी नवी द्यावी लागायची (तेव्हाचा फॉर्म २४एए). २०१३ च्या कायद्यात कलम १८४ आलं आणि हिशोब बदलला, पण मार्चची सवय काही गेली नाही.

आता नियम असा आहे की डायरेक्टरने तीन वेळा आपला इंटरेस्ट सांगायचा. डायरेक्टर म्हणून ज्या पहिल्या बोर्ड मीटिंगला बसतो तिथे, मग दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बोर्ड मीटिंगला, आणि मध्येच काही बदललं तर त्या बदलानंतरच्या पहिल्या मीटिंगला. बघा, तिन्ही ठिकाणी कायदा तारीख सांगत नाही, मीटिंग सांगतो. त्यामुळे मीटिंग न घेता नुसतं सर्क्युलर रिझोल्यूशन फिरवून हे उरकता येत नाही, मीटिंगच लागते. आणि मार्चमध्ये सही केलेला कागद एप्रिलच्या मीटिंगला ठेवला तर तो गेल्या वर्षाची परिस्थिती सांगतो, मधल्या दिवसांत काही बदललं असेल तर ते त्यात येतच नाही. माझं मत विचाराल तर तारीख १ एप्रिल किंवा नंतरचीच टाका, वाद उरत नाही.

फॉर्म भरायला बसण्याआधी यादी नीट काढा, बहुतेक घोटाळा इथेच होतो. एमसीएच्या साइटवर स्वतःचा डीआयएन टाकून बघा, कोणत्या कंपन्या आणि एलएलपींमध्ये नाव आहे ते दिसतं, कधीकधी मित्राने पाच वर्षांपूर्वी उघडलेली आणि कोणालाच न आठवणारी एलएलपी तिथे सापडते. पण पार्टनरशिप फर्म तिथे दिसत नाही, ती तुम्हालाच आठवून लिहावी लागते. स्वतःच्या मालकीचा धंदा असेल तोही लिहा. शेअरहोल्डिंगसाठी डीमॅटचं स्टेटमेंट काढा, कारण या सर्वसाधारण डिस्क्लोजरला कायद्याने कुठली खालची मर्यादा ठेवलेली नाही, दोन टक्क्यांची जी गोष्ट लोक सांगतात ती वेगळ्या ठिकाणची आहे, पुढे येईल. बायकोच्या किंवा भावाच्या नावावरचं या फॉर्ममध्ये मागितलेलं नाही, पण रिलेटेड पार्टी, म्हणजे नात्यातल्या किंवा संबंधातल्या लोकांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी ते लागतंच, तेव्हा वेगळ्या कागदावर तेव्हाच घेऊन ठेवा.

फॉर्ममध्ये रकाने थोडेच आहेत: संस्थेचं नाव, इंटरेस्ट कोणत्या प्रकारचा किंवा त्यात काय बदल, शेअरहोल्डिंग किती, आणि इंटरेस्ट कधी सुरू झाला किंवा बदलला ती तारीख. ही शेवटची तारीख लोक बिनधास्त रिकामी सोडतात किंवा सही केली तीच टाकतात, आणि खरं तर तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण तुम्ही वेळेत सांगितलं की नाही हे त्यावरूनच कळतं. काहीच इंटरेस्ट नसेल तर 'निल' लिहून द्या, कोरी फाइल ठेवण्यापेक्षा बरं. हा फॉर्म एमसीएवर अपलोड करायचा नसतो, आकुर्डीच्या आरओसी ऑफिसलाही नेऊन द्यायचा नसतो. तो कंपनीला द्यायचा, पण नुसता देऊन भागत नाही, नोटिशीनंतरच्या लगेचच्या मीटिंगमध्ये तो समोर येईल हे बघणं नियमाने डायरेक्टरचीच जबाबदारी आहे, कंपनी सेक्रेटरीची म्हणजे सीएसची नाही.

आता एक उदाहरण घेऊ, कल्पित आहे पण असं सर्रास घडतं. भोसरीची एक मशीनिंगची प्रायव्हेट लिमिटेड, दोघे भाऊ आणि मेव्हणे डायरेक्टर. २०२५-२६ ची पहिली मीटिंग २४ एप्रिल २०२५ ला झाली, तिघांनी एमबीपी-१ दिला, थोरल्या भावाच्या फॉर्ममध्ये एक ट्रान्सपोर्टची फर्म होती. १० ऑगस्टला हेच थोरले चाकणच्या एका पावडर कोटिंगच्या फर्ममध्ये पार्टनर झाले. पुढची मीटिंग १८ ऑगस्टला, तर त्या मीटिंगला नवा एमबीपी-१ हवाच, त्यात कोटिंगची फर्म आणि १० ऑगस्ट ही तारीख. "पुढच्या एप्रिलला टाकू की" असं म्हटलं की तिथेच चुकलं. आणि समजा त्यांनी ट्रान्सपोर्टची फर्म सोडली असती, तरी तोही बदलच, बाहेर पडणंही कळवायचं असतं, हे फार लोक विसरतात.

मग १२ नोव्हेंबरच्या मीटिंगला विषय आला, कंपनीचं कोटिंगचं जॉबवर्क त्याच चाकणच्या फर्मला द्यायचं. थोरले म्हणतील, मी ऑगस्टमध्येच कळवलंय. जुन्या कायद्यात हे चाललं असतं, तिथे जनरल नोटीस दिली की त्या फर्मबरोबरच्या पुढच्या करारांसाठी तेवढं पुरेसं धरायचे. नव्या कायद्यात तशी सोय नाही. कलम १८४ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे ज्या मीटिंगमध्ये करार चर्चेला येतो त्याच मीटिंगमध्ये परत सांगायचं, की मी या फर्मचा पार्टनर आहे. समोर फर्म असेल तर पार्टनर, मालक किंवा सदस्य असणं एवढंच पुरे, आणि समोर कंपनी असेल तर तिथे ते दोन टक्के येतात: तुमचे एकट्याचे किंवा दुसऱ्या डायरेक्टरबरोबर मिळून दोन टक्क्यांहून जास्त शेअर्स असले, किंवा तुम्ही तिथले प्रमोटर, मॅनेजर, सीईओ असलात तर.

सांगितल्यावर खोलीत बसायचं की बाहेर जायचं? मूळ नियमाने त्या विषयात भाग घ्यायचा नाही. प्रायव्हेट कंपनीला ५ जून २०१५ च्या नोटिफिकेशनने सूट आहे, सांगून झाल्यावर बसता येतं. पण २०१७ पासून ही सूट फक्त ज्यांनी फायनान्शियल स्टेटमेंट आणि अॅन्युअल रिटर्न वेळेत भरलंय त्यांनाच, त्यामुळे मागच्या वर्षाचं फाइलिंग अडकलं असेल तर थोरल्यांनी चहा प्यायला बाहेर जावं हेच बरं. मिनिट्समध्ये कोणी काय सांगितलं आणि तो चर्चेला बसला की नाही हे लिहा, नुसतं 'डिस्क्लोजर नोंद घेतली' एवढ्याने काही कळत नाही. जॉबवर्कचा रेट बाजारभावाचा आहे म्हणून हे सांगणं टळत नाही, रेटचा प्रश्न रिलेटेड पार्टीच्या व्यवहारांबद्दलच्या कलम १८८ चा आहे आणि तो वेगळा सोडवायचा.

न सांगता करार झाला तर कंपनीला तो रद्द करता येतो, डायरेक्टरला एक लाख रुपये पेनल्टी आहे, आणि करारातला इंटरेस्ट लपवला तर कलम १६७ ने खुर्चीच रिकामी होते. पेनल्टीपेक्षा मला हे तिसरं जास्त भीतीदायक वाटतं, कारण भावाभावांत बिनसलं की दुसरी बाजू पहिलं हेच उकरून काढते.

इकडे उदाहरणात पुढची मीटिंग ९ फेब्रुवारी २०२६ ला, तेव्हा कोणाचंच काही बदललेलं नाही, त्यामुळे फॉर्मची गरज नाही. २२ एप्रिल २०२६ ची मीटिंग नव्या वर्षातली पहिली, तिथे तिघांनी परत एमबीपी-१ द्यायचा, काही बदललेलं नसलं तरी. थोरल्यांचे ऑगस्टचे आणि एप्रिलचे असे दोन्ही जुने फॉर्म फेकायचे नाहीत, ज्या आर्थिक वर्षाचे ते आहेत ते संपल्यापासून आठ वर्षं रजिस्टर्ड ऑफिसमध्ये ठेवायचे, म्हणजे २०२५-२६ चे ३१ मार्च २०३४ पर्यंत. सीएस नसेल तर कोणाच्या ताब्यात ठेवायचे ते बोर्डाने ठरवून टाकावं.