स्टार्टअपकडे जाताना लिहिलेला राजीनामा

खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे आणि टीममधल्या ज्युनिअर डेव्हलपरांचे राजीनामे एचआरकडे जाण्याआधी माझ्याकडे येतात. या पत्रांबाबत नवीन मुलांचा एक गैरसमज हमखास असतो. पत्र मॅनेजरला उद्देशून असल्यामुळे तोच त्याचा मुख्य वाचक आहे, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मॅनेजरला ही बातमी आधीच तोंडी कळलेली असते, किंवा निदान कळलेली असायला हवी, त्यामुळे तो पत्रावरून नुसती नजर फिरवतो. शब्दन् शब्द वाचतात ते नोटीस पीरियडचे दिवस मोजणारे एचआर आणि शेवटच्या हिशेबाचे लोक. पुढे तुम्ही आणखी कुठे अर्ज केलात, तर पार्श्वभूमी पडताळणीच्या वेळी तुमची फाईल पुन्हा उघडली जाऊ शकते आणि त्या फाईलमध्ये हे पत्र असतेच.

माझा मामेभाऊ हिंजवडीतल्या एका मोठ्या सेवा कंपनीत दोन वर्षे काम करत होता. चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या, जेमतेम बारा माणसांच्या एका स्टार्टअपमध्ये त्याला नोकरी मिळाली. नवे ऑफर लेटर सही होऊन हातात आल्यावर त्याने राजीनाम्याचा मसुदा माझ्याकडे पाठवला आणि वर लिहिले, “ताई, तक्रार एकही केलेली नाही, फक्त एकदा बघ.” तक्रार खरोखरच उघडपणे केलेली नव्हती. तरीही मसुद्यात ती तीन ठिकाणी होती.

पहिल्या परिच्छेदात त्याने लिहिले होते की, त्याला अधिक आव्हानात्मक काम आणि शिकण्याची अधिक संधी हवी आहे. लिहिणाऱ्याला हे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच येते, “म्हणजे इथे नव्हती का?” नव्या जागेची जुन्या जागेशी तुलना केली की जुन्या जागेचा उणेपणा न बोलताही सांगितला जातो. दुसरे ठिकाण आभाराचे होते. रात्री-अपरात्री प्रॉडक्शनमधल्या अडचणी सोडवताना आपण खूप शिकलो, असे त्याने मनापासून लिहिले होते, परंतु एचआरमधल्या माणसाला त्यातली फक्त रात्र दिसली असती. तिसरे वाक्य असे होते की, बराच विचार करून नाइलाजाने हा निर्णय घ्यावा लागत आहे. नाइलाज म्हटले की कोणीतरी भाग पाडले असे होते, आणि मॅनेजरला तर पगारवाढीची बोलणी सुरू करायला तेवढी फट पुरते.

मी त्याला एवढेच सुचवले की, स्टार्टअपकडे जाण्याचे कारण एका वाक्यात सांगावे आणि ते फक्त पुढच्या कामाविषयी असावे. नव्या कंपनीचे नाव द्यायचीही गरज नसते. नोकरीच्या करारात प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याचे किंवा ग्राहकाकडे नोकरी न करण्याचे कलम असेल, तर राजीनाम्यात नाव लिहून त्यावर चर्चा ओढवून घेण्यात शहाणपण नाही. कोणी समोरासमोर विचारले तर खोटे मात्र बोलू नये. “जॉइन झाल्यावर सांगतो” हे उत्तर पुण्याच्या आयटीत सर्वांना समजते.

या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील म्हणजे शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख, आणि नेमकी तीच बरेच जण लिहीत नाहीत. “नोटीस पीरियड पूर्ण करीन” एवढ्यावर ते भागवतात. भावाचा नोटीस पीरियड ६० दिवसांचा होता आणि पत्र सोमवारी, २ जून २०२५ रोजी द्यायचे होते. पत्राच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले तर साठावा दिवस शुक्रवार, १ ऑगस्ट येतो. पत्राचा दिवसही धरला तर तो ३१ जुलै, गुरुवार होतो. करारात ‘६०’ऐवजी ‘दोन महिने’ असे असते, तर २ ऑगस्टचा शनिवार निघाला असता. फरक एका-दोन दिवसांचाच असतो, पण नव्या कंपनीला सोमवार, ४ ऑगस्ट ही तारीख दिलेली असताना जुन्या कंपनीच्या पोर्टलवर भलताच दिवस दिसला की, ऐन शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. त्यामुळे नियुक्तिपत्रातले नोटीसचे कलम आधी शब्दशः वाचावे, त्यानुसार दिवस मोजावा आणि पत्रात तारीख वारासकट लिहावी. पोर्टल स्वतः तारीख काढत असेल, तर पत्र पाठवण्यापूर्वी ती पडताळून पाहावी. नोटीसच्या काळात रजा घेतल्यास शेवटचा दिवस पुढे ढकलण्याची काही कंपन्यांची पद्धत असते, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

आता त्याचे अंतिम पत्र देते. कार्यालयात ते इंग्रजीतच गेले, पण मजकूर हाच होता.

“आदरणीय सर,

आपल्याशी आज सकाळी झालेल्या बोलण्यानुसार, मी ज्युनिअर सॉफ्टवेअर डेव्हलपर या पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या नियुक्तिपत्रातील ६० दिवसांच्या नोटीसनुसार माझा शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५ हा राहील.

एका नव्या स्टार्टअपमध्ये उत्पादन सुरुवातीपासून उभे करण्याच्या कामात मी सहभागी होणार आहे.

येथे काम करताना कोड रिव्ह्यू कसा करावा आणि आपल्या बदलाचे टेस्ट आपणच आधी कसे लिहावेत, हे मी आपल्याकडून आणि टीमकडून शिकलो. माझ्या पहिल्या रिलीजच्या वेळी आपण शेजारी बसून प्रत्येक पायरी समजावून दिली होती, त्याबद्दल मी आपला विशेष आभारी आहे.

रिपोर्ट मॉड्यूलचे माझ्याकडील काम, त्याचे दस्तऐवज आणि रात्री आपोआप चालणाऱ्या जॉब्जची माहिती मी आपण नेमलेल्या सहकाऱ्याकडे ११ जुलैपर्यंत सोपवीन. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ते काम त्यांनी करावे आणि मी सोबत राहावे, अशी माझी सूचना आहे.

कृपया राजीनामा स्वीकारल्याचे आणि शेवटचा कामाचा दिवस निश्चित झाल्याचे कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू”

यातला आभाराचा परिच्छेद आम्ही दोनदा बदलला. आधी तिथे सात जणांची नावे होती. राजीनाम्यात नावांची यादी दिली की राहिलेले नाव उठून दिसते, आणि कोणाचा नीट उल्लेखही होत नाही. त्याऐवजी एकच खरी घटना लिहिली की आभार ढोबळ राहत नाहीत. पहिल्या रिलीजचा प्रसंग मॅनेजरलाही आठवत होता, म्हणूनच तो पत्रात शोभला. सातही नावांना शेवटच्या दिवशी टीमला पाठवायच्या निरोपाच्या मेलमध्ये जागा होती.

काम सोपवण्याच्या परिच्छेदाला मी सर्वांत जास्त महत्त्व देते, कारण पत्राचे सौजन्य कितपत खरे आहे ते तिथे कळते. तारीख आणि कामाचे नाव असलेले एक वाक्य असले की मॅनेजर त्यावर नियोजन करू शकतो. भावाच्या रिपोर्ट मॉड्यूलमध्ये रात्री चालणारा एक जॉब महिनाअखेरीस वेगळ्या क्रमाने चालवावा लागत असे, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हती. ११ जुलै ही तारीख त्याने त्यासाठीच निवडली होती. महिनाअखेरीला, म्हणजे ३१ जुलैला, नव्या माणसाने तो जॉब स्वतः चालवावा आणि हा शेजारी असावा. तारीख १ ऑगस्टच्या अगदी जवळची दिली असती, तर ही तालीम झालीच नसती.

मात्र मसुद्यात पुढे असेही होते की, “गेल्यानंतरही कधीही फोन करा, मी मदतीला आहे.” ते मी काढायला लावले. नोकरी सुटल्यावर सिस्टिमचा प्रवेश बंद होतो, ग्राहकाच्या माहितीबाबतचे गोपनीयतेचे बंधन मात्र सुटत नाही, आणि नव्या कंपनीने त्याच्या वेळेचा पगार दिलेला असतो. जे पाळता येणार नाही ते लेखी द्यायचे नाही.

स्टार्टअपला माणूस बहुधा लगेच हवा असतो आणि तिकडून “लवकर सुटून ये” असा आग्रह होतो. लवकर मोकळे करण्याची विनंती करायची असल्यास ती याच पत्रात करता येते, पण वेगळ्या वाक्यात आणि पूर्ण नोटीसची तारीख लिहून झाल्यावरच करावी. विनंती नाकारली गेली तर मूळ तारीख कायम राहते. नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवता येतात का आणि ती रक्कम मूळ पगारावर धरतात की एकूण पगारावर, हे नियुक्तिपत्रावर अवलंबून असते. या हिशेबाची चर्चा राजीनाम्यात आणू नये.

तक्रारी खऱ्या असतील तर त्या कुठे सांगायच्या, हे मुले विचारतात. कामाच्या पद्धतीबद्दलचे म्हणणे एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, शांतपणे आणि उदाहरणासह सांगावे. तिथे ते सुधारणेसाठी मागितलेले असते. पण थकलेला पगार किंवा लैंगिक छळ यांसारखी गोष्ट असेल, तर गोड राजीनामा लिहून ती गिळू नये आणि राजीनाम्यात कोंबूही नये. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे वेगळी आणि लेखी करायची असते. त्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे आणि योग्य कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते.

पाठवण्याचा क्रम असा ठेवावा. सकाळी मॅनेजरशी बोलावे, त्याच दिवशी त्याला आणि एचआरला मेल करावी, आणि मग पोर्टलवर नोंद करावी. पोर्टलवर कारणांच्या यादीतून एक निवडावे लागते. ते पत्रातल्या कारणाशी जुळले पाहिजे, नाहीतर पत्रात नवी संधी आणि पोर्टलवर प्रकृतीचे कारण अशी विसंगती फाईलमध्ये कायमची राहते. राजीनामा मंजूर झाल्याचे उत्तर आले की, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख स्पष्ट आहे ना ते पाहावे. नुसते “पाहिले” असे उत्तर आले तर दोन दिवसांनी नम्रपणे पुन्हा विचारावे. भावाच्या एचआरने मंजुरीच्या मेलमध्ये ३१ जुलै लिहिले होते. त्याने नियुक्तिपत्रातल्या कलमाचा उल्लेख करून एक ओळीचे उत्तर दिले आणि संध्याकाळपर्यंत तारीख १ ऑगस्ट झाली. रिलीव्हिंग लेटरवर आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख म्हणून पुढे तीच आली.