आवाज वाढला, पण शब्द कळेना: ॲम्प्लिफायर घेताना या चुका टाळा

"ऐकू येतं, पण कळत नाही." वयानुसार कान मंद झालेल्या माणसाची ही नेहमीची तक्रार. घरचे ती अर्धीच ऐकतात आणि आवाज मोठा करणारं यंत्र तपासणीशिवाय विकत आणतात. पहिली चूक इथेच होते.

वाढत्या वयात कान आवाजाच्या सगळ्या पट्ट्यांत सारखा मंद होत नाही. समजा, तपासणीत एखाद्याला खालच्या पट्टीत, ५०० हर्ट्झला, २० डेसिबलइतकं हळूही, म्हणजे जवळपास नीटच ऐकू येतं, पण वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झला, ६० डेसिबलखालचं काहीच ऐकू येत नाही. 'आ', 'ओ' हे स्वर त्याला स्पष्ट कळतात; 'स', 'श', 'फ' मात्र निसटतात. मग 'सात' म्हटलं की त्याला 'हात' ऐकू येतं.

ढोबळ हिशेब असा की जितकं कमी ऐकू येतं, त्याच्या साधारण निम्मी भर यंत्राने घालायची. म्हणजे इथे ४००० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल आणि ५०० ला, ऐकणं जवळपास नीटच असल्याने, जवळजवळ काही नाही. ऑडिओलॉजिस्ट श्रवणयंत्र असंच बसवतात. साधा ॲम्प्लिफायर मात्र ३० डेसिबल सरसकट वाढवतो. पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःचाच आवाज अंगावर येतो. वैतागून माणूस आवाज कमी करतो आणि 'स' पुन्हा हरवतो. "यंत्र खराब आहे" असं म्हणून ते खणात जातं. खरं तर यंत्र बिघडलेलं नसतं, ते या कानासाठी नसतंच.

दुसरी चूक आवाज पूर्ण वाढवून ठेवण्याची. मंद झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच बोचतो. श्रवणयंत्रात हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवण्याची सोय असते, शिवाय वरची मर्यादा त्या कानाप्रमाणे ठरवलेली असते. स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये ती नसेल, तर दार आपटल्याचा आवाजही दणका देतो आणि उरलेलं ऐकणंही धोक्यात येतं.

ज्याचा कान ठीक आहे आणि फक्त व्याख्यानात मागच्या रांगेतून नीट ऐकायचंय, त्याने ॲम्प्लिफायर जरूर वापरावा. मुलांच्या बाबतीत मात्र तो विसराच. भाषा शिकण्याच्या वयात अंदाजाने भागत नाही. कानातून स्राव, दुखणं, चक्कर, किंवा फक्त एकाच कानाने कमी ऐकू येणं वा एकाच कानात सतत शिट्टी वाजणं, यांपैकी काहीही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. कधीकधी नुसता मळ निघतो आणि यंत्राची गरजच संपते.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटतो, माणूस "सर्दी असेल" म्हणतो आणि आठवडाभर ॲम्प्लिफायरवर ढकलतो. आतल्या कानाची नस अशी एकाएकी मंद झाली असेल, तर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते. दोन आठवड्यांनंतर ती बरीच घटते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि कान कधी बंद झाला ती तारीख-वेळ लिहून न्या. त्यावर पुढचे उपचार अवलंबून असतात.