वर्गनिरीक्षणाच्या नोंदी घेताना या चुका टाळा

मागच्या बाकावर गुपचूप बसलो की आपण कुणाच्या लक्षात येत नाही, असं फक्त संशोधकालाच वाटत असतं. मुलं वळून बघतात, आणि शिक्षकांना तर आपलं पेन कधी चालतं आणि कधी थांबतं तेही दिसतं.

म्हणूनच काही 'घडलं' की भराभर लिहायचं, ही सगळ्यात महागात पडणारी सवय. बाई एखाद्या मुलाला रागावल्या आणि आपलं पेन धावू लागलं, की आपल्याला कशात रस आहे ते त्यांना कळतं. पुढच्या तासाला रागावणं कमी होतं किंवा आपण गेल्यावर होतं. उपाय साधा आहे. कंटाळवाण्या भागातही एका लयीत लिहीत राहा, दर पाच मिनिटांनी समासात वेळ टाका. नाजूक प्रसंगी दोन-तीन खुणेचे शब्द पुरतात. बाकीचं मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असताना भरा, तेव्हा सगळेच लिहीत असतात.

दुसरी चूक म्हणजे निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष लिहिणं. 'मुलगी गणितात लक्ष देत नव्हती' ही नोंद महिन्याभराने काहीच सांगत नाही. तीच अशी लिहून बघा: '१०:२०. खिडकीजवळची मुलगी पेन्सिल फिरवते आहे. सर: "उत्तर कोण सांगेल?" चार हात वर, तिचा नाही. ती शेजारणीच्या वहीत बघून आकडा खोडते.' म्हणजे ती गणितच करत होती! तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर वेगळ्या रकान्यात लिहा. अवतरणचिन्हं फक्त शब्दशः ऐकलेल्या वाक्यांना. आशय आठवत असेल तर ती नकोत.

त्रोटक नोंदींवरून सविस्तर टिपण त्याच दिवशी तयार करा, आणि तेही सहकाऱ्याला सगळं सांगून टाकण्याआधी. एकदा गोष्ट सांगितली की पुढे ती सांगितलेलीच आठवते.

आता आपल्या असण्याचा परिणाम. पहिल्या काही भेटी वर्गाला आपली सवय होण्यासाठीच असतात, त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. सवय झाली का, हे मुलांकडे पाहून कळतं. 'गटात बसा' म्हटल्यावर ती गोंधळली, बाक कसे वळवायचे हे विचारू लागली, तर गटकार्य बहुधा तुमच्यासाठी आहे. न सांगता बाक वळले तर ते रोजचं. जुन्या वह्या चाळायला मिळाल्या तर तेही ताडून बघता येतं. शिक्षक वाक्य संपवून तुमच्याकडे बघतात का, मुलं तुम्हाला शुद्धलेखन विचारतात का, हेही वेळेसकट टिपा. हा परिणाम शून्यावर येत नाही, त्यामुळे तोही नोंदींतच यायला हवा.

'काय लिहिताय?' हे शिक्षक कधीतरी विचारतातच. वही झटकन मिटलीत तर इतक्या दिवसांचा विश्वास गेला. हे मूल्यमापन नाही आणि मुख्याध्यापकांकडे जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि उघड्या पानावर असंच लिहा, जे त्यांनी वाचलं तरी चालेल. तुमच्या अंदाजांचा रकाना घरच्या वहीत.